नोटिफिकेशन येतं आणि अभ्यास उद्यावर जातो: कॅलेंडरची मांडणी कुठे चुकते

प्रश्न: मी इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. पलासियाला एका सीएंच्या ऑफिसात काम करतो, जीएसटी आणि टीडीएसचं काम माझ्याकडे असतं. जानेवारीत सीए इंटरचा पहिला ग्रुप द्यायचा आहे. गूगल कॅलेंडरमध्ये रोज संध्याकाळी साडेसात ते दहा 'अभ्यास' टाकलाय, रिमाइंडरही लावलाय. दोन महिने झाले, नोटिफिकेशन येतं, मी बोटाने सारून देतो आणि उद्या बघू म्हणतो. आठवड्यातून दोनदाच बसणं होतं. काय बदलू?

उत्तर:

रिमाइंडर आणखी वाढवू नका. तुमच्या कॅलेंडरमध्ये दोन गोष्टी नाहीत. एक म्हणजे खरी वेळ, आणि दुसरी म्हणजे राहून गेलेला अभ्यास परत ठेवायला जागा. साडेसातला तुम्ही बहुधा ऑफिसातच असता किंवा वाटेत असता, म्हणून ते नोटिफिकेशन पहिल्या दिवसापासूनच खोटं आहे. आणि एकदा राहिलं की ते जायचं कुठे हे ठरलेलं नाही, म्हणून ते 'उद्या'त जातं. उद्या तर आधीच भरलेला असतो.

सुरुवात मोजण्यापासून करा. पुढचे सात दिवस नवीन काही आखू नका. घरात पाऊल टाकलं की फोन काढून त्या क्षणी पंधरा मिनिटांची एक नोंद टाका: 'घरी पोचलो'. जेवण उरकलं की दुसरी नोंद: 'जेवण झालं'. बस, एवढंच. आठवडाअखेर कॅलेंडर आठवड्याच्या दृश्यात उघडलंत की या नोंदींची एक वाकडीतिकडी रेघ दिसेल. समजा पोचायची वेळ सव्वाआठ, पावणेनऊ, आठ, सव्वानऊ, पावणेदहा, साडेआठ अशी निघाली. सरासरी काढू नका. नियमित ब्लॉक अशा वेळेला ठेवायचा की सहापैकी निदान चार दिवस ती वेळ सहज गाठता येईल. या आकड्यांत पोचायची तशी वेळ पावणेनऊ येते, त्यात जेवण धरलं की अभ्यासाची सुरुवात सव्वानऊ. उरलेले दोन दिवस अपवाद आहेत आणि तुमच्या कामात ते अपवाद आधीच कळतात. त्याकडे पुढे येतो.

सव्वानऊला सुरू होणाऱ्या ब्लॉकमध्ये, दिवसभर जीएसटीचे आकडे बघून आल्यावर, ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगचं मोठं गणित बसत नाही. म्हणून जड विषय सकाळी घ्यायचा आणि रात्री हलकं काम करायचं. तुमच्या वेळापत्रकाला मी असा साचा देईन. सोमवार ते शनिवार सकाळी 6.00 ते 7.45, म्हणजे रोज 105 मिनिटं. सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार रात्री 9.15 ते 10.00. रविवारी सकाळी 7 ते 10 सलग तीन तास, कारण पेपर तीन तासांचा असतो. हे झाले साडेसोळा तास. त्याशिवाय दोन रिकामे ब्लॉक: बुधवारी रात्री 9.00 ते 10.30 आणि रविवारी संध्याकाळी 5 ते 7. या दोघांचं नाव 'राखीव'. त्यात आधीपासून एकही विषय लिहायचा नाही.

तुमच्या आत्ताच्या आखणीत कागदावर आठवड्याचे साडेसतरा तास आहेत. म्हणजे हे तासाभराने कमीच आहे, आणि ते मुद्दाम कमी ठेवलं आहे. राखीव वेळ साडेतीन तास, आखलेल्या अभ्यासाच्या सुमारे पाचवा हिस्सा. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्यांची आखणी मोडते ती बहुतेक या पाचव्या हिश्श्यापायी. तो मोकळा दिसतो म्हणून त्यातही विषय भरले जातात, आणि मग पहिला पाहुणा आला की सगळा आठवडा घसरतो.

### कॅलेंडर मांडताना

ही मांडणी फोनवर करू नका, संगणकावर ब्राउझरमध्ये करा. रविवारी एक तास पुरतो. डावीकडे `Other calendars` शेजारच्या अधिक चिन्हावर जाऊन `Create new calendar` निवडा आणि दोन वेगळी कॅलेंडरं बनवा: एक 'अभ्यास', दुसरं 'ऑफिस तारखा'. वेगळी हवीत याचं कारण सोपं आहे. नोटिफिकेशनचे नियम प्रत्येक कॅलेंडरला स्वतंत्र लावता येतात, आणि घरच्यांना दाखवायचं असेल तर फक्त 'अभ्यास' दाखवता येतं, बाकीचं नाही.

'ऑफिस तारखा'मध्ये दिवसभराच्या नोंदी करा: 7 तारखेला टीडीएस भरणे, 11 ला जीएसटीआर-1, 20 ला जीएसटीआर-3बी. तिन्हींना दरमहा त्याच तारखेची पुनरावृत्ती द्या. 31 ऑक्टोबर आणि 31 डिसेंबरही टाका, ऑडिटवाल्या अशिलांची विवरणपत्रं आणि जीएसटीचं वार्षिक विवरण यांची धावपळ त्या सुमारास असते. तारीख पुढे गेली की नोंद हलवा. या कॅलेंडरला एकही नोटिफिकेशन नको. तारीख लक्षात आणून द्यायला ऑफिस आहेच. ही नोंद फक्त अभ्यासाच्या ब्लॉकशेजारी डोळ्यांना दिसावी म्हणून आहे.

मग 'अभ्यास'मध्ये वरचा साचा टाका. प्रत्येक ब्लॉक पुनरावृत्तीचा. इथे एका जागी बरेचजण फसतात. पुनरावृत्तीचा ब्लॉक ओढून हलवला की गूगल विचारतं: `This event`, `This and following events` की `All events`. आठवड्यातला बदल करताना दर वेळी पहिलाच पर्याय. घाईत `All events` दाबलं तर एका मंगळवारच्या पाहुण्यांमुळे सगळे मंगळवार हलतात. मधला पर्याय दाबला तर त्या तारखेपासून मालिका तुटून दुसरी मालिका तयार होते, आणि पुढे तुम्ही 'सगळे' बदलायला गेलात की निम्मेच बदलतात. दोन आठवड्यांनी कॅलेंडर विचित्र दिसायला लागलं तर नव्वद टक्के हेच झालेलं असतं. मग दुरुस्त करत बसू नका. मालिका पुसा आणि नव्याने टाका, दहा मिनिटांचं काम आहे.

ब्लॉकचं नाव हा तपशील किरकोळ वाटतो, पण बोट नोटिफिकेशन सारतं की नाही हे बरंचसं त्यावर ठरतं. 'अभ्यास' असं लिहिलेलं नोटिफिकेशन आलं की आधी काय करायचं हे ठरवावं लागतं, आणि थकलेल्या माणसाला ठरवण्याचाच कंटाळा येतो. त्याऐवजी नावात पहिली कृती लिहा: 'एएस 10, सराव प्रश्न 1 ते 4, निळी वही'. किंवा 'कंपनी कायदा, प्रॉस्पेक्टस, दुसरं वाचन, पेन्सिल घेऊन'. नावात तीन गोष्टी हव्यात: धडा, किती, आणि कशात. 'टॅक्स रिव्हिजन' हे नाव नव्हे, कारण ते झालं की नाही हे रात्री सांगता येत नाही. दर रविवारी राखीव ब्लॉकच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत पुढच्या आठवड्याचे ब्लॉक एकेक उघडून नावं बदलायची, अर्थात `This event` निवडून.

105 मिनिटांत गणिताचे किती प्रश्न होतात हे पहिल्या आठवड्यात कुणालाच नीट सांगता येत नाही. सगळे जास्त धरतात. पहिल्यांदा अंदाजाच्या दोनतृतीयांश लिहा. सहा वाटत असतील तर चार.

### तीन सूचना, तिघींची कामं वेगळी

नोटिफिकेशन ब्लॉकच्या सुरुवातीला वाजलं तर उशीर झालेला असतो. त्या क्षणी तुम्ही दुसऱ्या कशात तरी असता, आणि ते सोडायला वेळ लागतो. सूचना अभ्यास सुरू करण्यासाठी लावायची नसते, आधीचं काम आवरण्यासाठी लावायची असते.

रात्रीच्या ब्लॉकला दोन लावा. एक 30 मिनिटं आधी, पावणेनऊला: याचा अर्थ ताट वाढून घ्या, टीव्हीसमोर बसू नका. दुसरी 5 मिनिटं आधी: पाण्याची बाटली भरा, टेबलापाशी जा. सव्वानऊच्या ठोक्याला काहीच वाजायला नको. तोवर वही उघडलेली असली पाहिजे.

सकाळच्या ब्लॉकची मुख्य सूचना आदल्या रात्रीची आहे. ब्लॉक उघडून नोटिफिकेशनमध्ये 8 तास आधी असं घाला, म्हणजे सहाच्या ब्लॉकची सूचना रात्री दहाला येते, नेमकी रात्रीचा ब्लॉक संपताना. त्यात उद्याच्या ब्लॉकचं नाव वाचायचं, ती वही आणि तो धडा टेबलावर उघडून ठेवायचा, फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा. या एका कामाने सकाळची वीस मिनिटं वाचतात. उठण्यासाठी मात्र कॅलेंडरवर विसंबू नका. ते एकदा टिंग करून गप्प होतं. 5.35 चा गजर घड्याळाच्या ॲपमध्येच लावा, आणि फोन बाहेर असल्यामुळे तो बंद करायला अंथरुणातून उठावंच लागेल.

बाकीच्या कॅलेंडरांची नोटिफिकेशनं बंद करा. वाढदिवस, सुट्ट्या, जुन्या मीटिंग, जे काही असेल ते. दिवसातून दहा टिंग ऐकणारा माणूस अकरावं वाचत नाही, सारून देतो. तुमचं आत्ता बहुधा तेच होतंय.

सूचना वेळेवर येते का हे आजच तपासा. वीस मिनिटांनी सुरू होणारी एक नोंद टाका, तिला दहा मिनिटं आधीची सूचना द्या, स्क्रीन बंद करा आणि फोनला हात लावू नका. वेळेवर वाजला तर ठीक. फोन उचलल्यावर, स्क्रीन उजळल्यावर मग सूचना आली, तर बॅटरी वाचवण्याच्या नियमाने कॅलेंडर ॲपला झोपवलं आहे. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरी `Unrestricted` किंवा `No restrictions` करा. काही फोनमध्ये `Autostart` वेगळं चालू करावं लागतं. सूचना अजिबातच आली नाही तर फोनवरच्या कॅलेंडर ॲपच्या सेटिंगमध्ये 'अभ्यास' कॅलेंडर उघडून `Sync` चालू आहे का बघा. संगणकावर नवं बनवलेलं कॅलेंडर फोनवर सिंक न होणं हे नेहमीचं कारण.

आणखी एक सोय बऱ्याच ॲन्ड्रॉइड फोनमध्ये आहे आणि फार थोडे वापरतात. `Do Not Disturb` च्या `Schedules` मध्ये वेळेचा नियम असतो तसा `Event` चाही असतो. तिथे 'अभ्यास' कॅलेंडर निवडलं की त्या कॅलेंडरमध्ये ब्लॉक चालू असेपर्यंत फोन आपोआप शांत राहतो. ब्लॉक हलवला की शांतताही त्याच्यासोबत हलते, हाच फायदा. ब्लॉक `Busy` ठेवा. अपवादात घरच्यांचे नंबर तारांकित करून घाला आणि `Repeat callers` चालू ठेवा, म्हणजे पंधरा मिनिटांत तोच माणूस दुसऱ्यांदा फोन करेल तर घंटी वाजते. खरी निकड असेल तर माणूस दुसऱ्यांदा करतोच. तुमच्या फोनच्या यादीत 'अभ्यास' दिसत नसेल किंवा `Event` हा पर्यायच नसेल, तर सकाळ-रात्रीच्या ठरलेल्या वेळांचा साधा नियम लावा. हलवलेल्या ब्लॉकला तेवढा हाताने चालू करावा लागेल.

घरात आईला किंवा पत्नीला 'अभ्यास' कॅलेंडर शेअर करून ठेवा. त्यांना तुमची टिंगटिंग ऐकू येणार नाही, सूचना ज्याच्या त्याच्या वेगळ्या असतात. पण बुधवारी रात्री मोकळा आहेस का, असं कुणी विचारलं की त्या स्वतःच बघून सांगू शकतात. "तो गुरुवारी बसलेला असतो, रविवारी दुपारी या" हे वाक्य आईने मावशीला सांगितलं तर कुणाला वाईट वाटत नाही. तुम्ही सांगितलंत तर वाटतं.

### राहिलेल्या ब्लॉकचं काय करायचं

ब्लॉक राहिला तर तो पुसू नका आणि ओढून उद्यावरही टाकू नका. पुसला किंवा ओढला की तिथे काही राहिलं होतं याची खूणच जाते, आणि महिन्याने कॅलेंडर स्वच्छ दिसतं पण अभ्यास झालेला नसतो. मूळ ब्लॉक तिथेच ठेवा. त्याचा रंग पिवळा करा आणि नावापुढे कारण लिहा, दोन शब्दांत: 'पाहुणे', 'ऑफिस 9.20', 'झोप'. मग त्यातला विषय पुढच्या राखीव ब्लॉकच्या नावात लिहा. झालेला ब्लॉक हिरवा. सोडूनच दिला असेल तर लाल.

नियम एकच: एक विषय एकदाच हलतो. राखीवमध्येही राहिला तर तो तिसऱ्या जागी न्यायचा नाही. त्याचा 25 मिनिटांचा तुकडा करायचा, फक्त पहिला प्रश्न, आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या ब्लॉकच्या सुरुवातीला घालायचा. उरलेला भाग लाल. दोनदा राहिलेल्या विषयाची अडचण सहसा वेळेची नसते. तो धडा कळलेला नसतो, किंवा तुकडा फार मोठा घेतलेला असतो. पंचवीस मिनिटांत ते उघडं पडतं.

तुमच्या कामाचा एक आठवडा घेऊन बघू. समजा 11 तारीख गुरुवारी आली आहे. महिन्याच्या सुरुवातीला दोन्ही कॅलेंडरं एकत्र बघताना बुधवारच्या 10 आणि गुरुवारच्या 11 तारखेला रात्री घरी वेळेत पोचणं नाही हे दिसतं. म्हणून बुधवारचा राखीव ब्लॉक त्या आठवड्यापुरता शुक्रवारी न्यायचा. शुक्रवारी रात्री 9.00 ते 10.30 अशी नव्वद मिनिटं होतात. त्यातली पंचेचाळीस शुक्रवारच्या स्वतःच्या ब्लॉकची, पंचेचाळीस राखीव. गुरुवारचा रात्रीचा ब्लॉक आधीच पिवळा, कारण 'जीएसटीआर-1'. त्यात कंपनी कायद्याचं दुसरं वाचन होतं.

आता आठवडा सुरू होतो. सोमवार नीट गेला. मंगळवारी रात्री पावणेनऊला मामा-मामी लग्नाची पत्रिका घेऊन आले. तुळशीचं लग्न झालं की अशी वर्दळ सुरू होतेच. उठून जाता येत नाही, जाऊही नये. ब्लॉक पिवळा, 'पाहुणे'. त्यातले एएस 20 चे बहुपर्यायी प्रश्न, 45 मिनिटांचे, शुक्रवारच्या राखीवमध्ये गेले. शुक्रवारी ते झाले. पण गुरुवारची दगदग अंगावर होती, शनिवारी सकाळी गजर बंद करून झोप लागली. 105 मिनिटांचा एकत्रीकरणाचा सराव राहिला. पिवळा, 'झोप'.

रविवारी संध्याकाळी राखीवमध्ये 120 मिनिटं आहेत. उधारी गुरुवारची 45 आणि शनिवारची 105, मिळून 150. आणि शेवटची पंधरा मिनिटं पुढच्या आठवड्याच्या नावांची आहेत. दोन्ही मावत नाही. इथे निवड करायची आहे, आणि निवडीची कसोटी अशी: जे पहिल्यांदा होतंय ते ठेवा, जे दुसऱ्यांदा होतंय ते सोडा. हाताने करायचं गणित ठेवा, वाचन सोडा. म्हणून कंपनी कायद्याचं दुसरं वाचन लाल आणि एकत्रीकरणाचा सराव राखीवमध्ये. 105 अधिक 15, बरोबर दोन तास. आठवडाअखेर साडेसोळा तासांपैकी पावणेसोळा तास झाले, तेही 11 तारखेच्या आठवड्यात. राखीव नसती तर याच आठवड्यात 195 मिनिटं, म्हणजे सव्वातीन तास गेले असते.

रविवारच्या त्या पंधरा मिनिटांत पिवळ्या ब्लॉकची कारणं वाचा. एकच कारण एकाच खान्यात तीन आठवड्यांत तीनदा आलं, तर तो खाना चुकीचा आहे. शनिवारी सकाळी तीनदा 'झोप' असेल तर शनिवारचा ब्लॉक दीड तास उशिरा सरकवा आणि ऑफिसला निघायच्या आधी संपेल इतका छोटा करा. हा बदल मात्र `This and following events` ने, कारण तो कायमचा आहे. गजर दोन करून किंवा स्वतःला दटावून ते सुटत नाही. कारणं वेगवेगळी असतील, एकदा पाहुणे, एकदा ऑफिस, एकदा डोकेदुखी, तर काही बदलू नका. राखीव त्यासाठीच आहे. आणि पिवळे ब्लॉक आठवड्याला चारपेक्षा जास्त सातत्याने येत असतील, तर राखीव वाढवू नका, नियमित ब्लॉकच दोन कमी करा.

दिवाळीचे चार-पाच दिवस आधीच ठरवून हलके करा. रात्रीचे ब्लॉक त्या दिवसांपुरते पुसून टाका, सकाळचे ठेवा. आधी ठरवून पुसलेला ब्लॉक आणि राहून गेलेला ब्लॉक यांचा मनावरचा भार सारखा नसतो. पुसायची परवानगी एवढ्याच ठिकाणी आहे.

हे सगळं कुठे चालत नाही तेही सांगतो. ऑफिसची वेळ रोज अनिश्चित असेल, तारखांशी काही संबंध नसेल, तर रात्रीचे ब्लॉक ठेवूच नका, फक्त सकाळ आणि रविवार. साडेतेरा तास उरतात, पण ते खरे असतात. आणि परीक्षेला महिना राहिला की हा साचा बदलावा लागतो, कारण तेव्हा धड्यांपेक्षा पूर्ण पेपर महत्त्वाचे. इंटरचा पेपर दुपारी 2 ते 5 असतो. म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीपासून रविवारचा तीन तासांचा ब्लॉक सकाळी 7 वरून दुपारी 2 वर न्या, जेवण साडेबाराला उरका, आणि 30 मिनिटं आधीच्या सूचनेच्या नावात लिहा: 'प्रश्नपत्रिका छापलेली, कॅल्क्युलेटर, फोन दुसऱ्या खोलीत'. 31 डिसेंबरच्या कामामुळे शेवटच्या आठवड्यातले रात्रीचे ब्लॉक जाणारच आहेत. ते आत्ताच पिवळे करून ठेवा, आणि परीक्षेआधीच्या रजेचा अर्ज नोव्हेंबरातच द्या. रजा मंजूर झाली की ती 'ऑफिस तारखा'मध्ये दिवसभराची नोंद म्हणून टाका, म्हणजे कुठले दिवस पूर्ण तुमचे आहेत हे मोजता येईल.